डबल जास्वंदीच्या पाच पाकळ्या

वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात खोटेपणाला जागा नसते, कारण फूल समोर असतं. हे वाक्य मी दर वर्षी पहिल्या तासाला म्हणतो. मुलं ते वहीत उतरवून घेतात. त्यावरूनच मला संशय यायला हवा होता.

परीक्षा एप्रिलमध्ये होती. सोलापुरात एप्रिलमध्ये फूल मिळवणं हीच एक परीक्षा असते. कॉलेजच्या आवारातली जास्वंद वाळून गेली होती, म्हणून आमच्या प्रयोगशाळेतले मामा सकाळी नव्या पेठेत जाऊन आले.

"लई भारी मिळाली सर," टेबलावर पिशवी रिकामी करत ते म्हणाले. "एकेक फूल गुलाबावानी हाय की!"

तिथंच घोळ होता. जास्वंद डबल होती, भरगच्च पाकळ्यांची. पण बदलायला वेळ नव्हता. बाहेरचे परीक्षक आले होते आणि प्राचार्यांच्या खोलीत त्यांना शाल घालणं चालू होतं. परीक्षा घ्यायला आलेल्या माणसाचा आधी सत्कार का करतात, हे मी अनेकांना विचारून पाहिलंय. प्रत्येक जण माझ्याकडेच संशयाने बघतो.

पेपर संपला, उत्तरं गोळा झाली. फुलाचं कुळ ओळखायचं, त्याचं सूत्र लिहायचं आणि आडवा छेद घेतल्यासारखं चित्र काढायचं, असा प्रश्न होता. सूत्र म्हणजे फुलाचा एका ओळीतला जमाखर्च: के म्हणजे हिरवी दलं, सी म्हणजे पाकळ्या, ए म्हणजे पुंकेसर, जी म्हणजे बीजांडकोश. एकमेकांना जोडलेले भाग असले की आकडा कंसात. सगळ्यांनी जास्वंदीचं, म्हणजे भेंडीचं, कुळ लिहिलं होतं आणि सगळ्यांनी लिहिलं होतं, सी पाच.

"उत्तम तयारी," परीक्षक शाल सावरत म्हणाले.

"सर, एक फूल मोजून बघता का?" मी म्हणालो.

त्यांनी मोजायला घेतलं. विसाच्या पुढे गेल्यावर त्यांचा चेहरा बदलला. "म्हणजे यांनी फुलाकडे बघितलंच नाही! पुस्तकातलं पाठ करून ओतलंय. शून्य द्या. सगळ्यांना."

मला आधी बरंच वाटलं. मग त्या गठ्ठ्यात मंद्रूपहून येणाऱ्या एका मुलीचा कागद दिसला. याच प्रात्यक्षिकात ती आधी एकदा नापास झाली होती. आता गेलं तर पदवी अडकणार होती, आणि पदवीमागे बी.एड.चा प्रवेश. तिचंही उत्तर सी पाचच होतं. पण चित्रात पाकळ्यांच्या आत तिने काही लांबट, वाकडे आकार काढले होते. आमचा आवाज मोठा होता आणि ती दारातच उभी होती. ते आकार तिने जागा भरायला गिरवले असतील, असं मला वाटलं.

"हिला विचारू या," तरी मी म्हणालो.

परीक्षकांनी फूल तिच्यापुढे सरकवलं. "किती पाकळ्या?"

"पाच, सर."

"नीट मोज."

"मोजल्या की, सर. बाहेरच्या पाचच." तिने पाच पाकळ्या एकेक करून मागे वळवल्या. प्रत्येकीची एक कड शेजारणीच्या वर होती आणि दुसरी खाली. मग आतली एक पाकळी उपटून तिने भिंगाखाली धरली. "ही पाकळी न्हाय. कडेला परागकोश हाय बघा. हे पुंकेसर हायत, पसरट झालेले."

परीक्षकांनी भिंगातून बराच वेळ बघितलं. मीही बघितलं. पाकळीच्या कडेला पिवळा, अर्धवट परागकोश होता.

"आणि बाकीच्यांचं?" मी विचारलं. बाकीच्यांनी पुस्तकातून लिहिलं होतं याबद्दल मला अजून शंका नव्हती. पण त्यांचं पाठ केलेलं सूत्र आणि हिचं बघून लिहिलेलं सूत्र अक्षराअक्षराने सारखं होतं.

"तोंडी विचारू," परीक्षक म्हणाले. त्यांचा सूर आता पुष्कळ मऊ झाला होता.

दार उघडंच होतं. पुढचा मुलगा आत आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "सर, आतल्या पाकळ्या म्हणजे पसरट झालेले पुंकेसर." त्याच्यानंतरची मुलगीही तेच म्हणाली. तिच्यानंतरचाही. परीक्षक प्रत्येकाला मान डोलावत होते आणि दहापैकी आठ मांडत होते. मंद्रूपच्या मुलीलाही आठच. ती पास झाली.

शेवटी आलेल्या मुलानेही तेच वाक्य न अडखळता म्हटलं आणि आठ गुण घेऊन गेला. जास्वंदी कमी पडल्या म्हणून त्याला मी धोतऱ्याचं फूल दिलं होतं.