टॅग तिने चिकटवले होते

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे ऑफिसचे कॉम्प्युटर पुसणं. दसऱ्याचा आदला दिवस होता. दुसऱ्या दिवशी यंत्रांची पूजा. पूजा आमच्या घरची नव्हे, आमच्यात ती करत नाहीत. ऑफिसची होती, आणि पुसायचं काम आमच्याकडे. मी तिथला अटेंडर, म्हणजे शिपाई, ती रोजंदारीवर झाडू मारायची. दिल्लीच्या सरकारनं बाजार खुला केला त्या सुमाराला टाइपरायटर अडगळीत गेले आणि हे डबे आले. प्रत्येक डब्यावर नंबराचं चिटोरं, त्याला टॅग म्हणायचे. डबा कुणाच्या ताब्यात आहे ते वहीत, आणि वहीत त्याची सही.

मी वायरी काढून दिल्या आणि जामबागच्या फुलबाजारात झेंडू आणायला गेलो. परत आलो तर डबे चकचकीत.

"ती चिटोरी भिजली असती," ती म्हणाली. "काढून ठेवली, मग डिंकानं लावली."

"हौ, बरं केलंस," मी म्हणालो. मी पाहिलंसुद्धा नाही.

घरी गेलो तेव्हा तिच्या अंगात ताप होता. दसऱ्यानंतर दोन दिवसांत ती गेली. दवाखान्यात काय झालं ते मी लिहीत नाही.

मी लगेच कामावर गेलो. घरी बसवत नव्हतं. खुर्चीवर बसलो की उठायचो, पाणी प्यायलो की परत माठाकडे जायचो. लोक म्हणाले, सुट्टी घे. सुट्टी घेऊन काय भिंती बघू?

मार्चात मोजणी आली. दरसाल येते. पुण्याच्या हेडऑफिसातून एक साहेब, हातात यादी. प्रत्येक टेबलावर जायचं, टॅगचा नंबर वाचायचा, मग डबा फिरवून मागचा, बनवणाऱ्या कंपनीचा नंबर वाचायचा, दोन्ही यादीशी जुळवायचे. ज्याच्या ताब्यात डबा त्यानं उभं राहायचं. डबे फिरवायला मी.

कॅशियरबाईंच्या टेबलावर साहेब थांबले.

"हा टॅग टायपिंगच्या डब्याचा आहे. इथे कसा?"

टायपिंगच्या टेबलावर गेले. तिथे कॅशियरबाईंचा टॅग. मागचे नंबर मात्र दोन्हीकडे यादीप्रमाणे. डबे जागेवर होते, चिटोरी तेवढी इकडची तिकडे.

"बाई, टॅगला कुणी हात लावला? टॅग बदलून ठेवायचा, मग चांगला डबा पळवायचा. ही युक्ती मी पाहिली आहे."

बाई तेलुगू, मराठी कळायची, बोलायच्या हिंदीत. "मैं कायकू बदलूं, सर?" म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. टायपिंगवाला पोरगा खाली बघत राहिला.

"साहेब, त्यांना सोडा," मी म्हणालो. "दसऱ्याला पुसताना काढले होते. लावताना अदलाबदल झाली."

"कुणी काढले?"

"माझ्या बायकोनं."

"वाचता येतं का त्यांना?"

"नाही. येत असतं तर झाडू मारला असता का?"

साहेब हसले नाहीत. "काका, खुलासा लिहून द्यावा लागेल. त्यांचं नाव लिहा. पुढे कुणावर संशय राहायला नको."

"नाव नाही लिहिणार."

"का?"

"ती रोजंदारीवर होती. तुमच्या एकाही वहीत तिचं नाव नाही. आता मेल्यावर पहिल्यांदा चढवायचं, तेही चूक म्हणून? नाही चढवणार. माझं लिहा. डबे पुसायचं काम मला दिलं होतं, मी तिच्यावर सोडून गेलो. खोटं नाही सांगत."

"वारल्या त्या?"

"दसऱ्यानंतर."

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. कॅशियरबाई मध्येच म्हणाल्या, "सर, वो अम्मा अच्छी थी." साहेबांनी पेन परत उचललं. मग त्यांनी लिहिलं आणि मला वाचून दाखवलं: साफसफाईच्या वेळी दोन टॅग अदलाबदल झाले, मागचे नंबर यादीशी जुळतात, डबे जागेवर आहेत, नवे टॅग लावावेत. नाव कुणाचंच नाही. खाली मी सही केली, वेडीवाकडी.

"जुने आत्ताच काढा," साहेब म्हणाले. मी रॉकेलच्या बोळ्यानं काढले. डिंक तिनं भरपूर लावला होता, निघता निघेना. कॅशियरबाईंनी ब्लेड दिलं.

घरी गेलो, पण डोक्यात एकच. दोन चुकले तर आणखी असतील. साहेबांचे अजून दोन मजले बाकी होते. दुसऱ्या कुणाच्या टेबलावर निघालं, तर या खेपेला तो माणूस रडणार नाही, तिचं नाव घेईल. भात केला, खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमनला उठवून ऑफिस उघडलं. अक्षर मला हळूहळू वाचता येतं, आकडा मात्र चुकत नाही. यादीची प्रत आदल्या दिवशी निघतानाच साहेबांकडून मागून घेतली होती. एकेक डबा फिरवला, बॅटरी मागे धरली, पुढचा नंबर आणि मागचा नंबर बोट ठेवून जुळवला. तिसऱ्या मजल्यावरचा प्रिंटरही उचलला, कंबर गेली तरी. साहेब आले तेव्हा मी शेवटच्या टेबलाखाली वाकलेला होतो.

"काय काका, माझं काम तुम्हीच?"

"तुम्ही तुमचं करा," मी म्हणालो. "बाकी सगळे बरोबर आहेत."