पाच, पाच, पाच, पाच, पाच

कॉलेजात तिला सगळे ‘बफरताई’ म्हणत. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं द्रावणं बनवणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? तिच्या पीएच चारच्या बाटलीत चारच निघायचे, सव्वाचार नाही. पीएच म्हणजे द्रावण लिंबासारखं आंबट की साबणासारखं बुळबुळीत त्याचं माप, एवढं ती पहिल्या दिवशी एका वाक्यात सांगून टाकायची. मग प्राध्यापक तेच पाऊण तास सांगायचे.

वार्षिक प्रात्यक्षिक परीक्षेला यंदा कॅटालेजचा प्रयोग आला होता. बफरताईचा हा हातखंडा. बकऱ्याचं ताजं काळीज वाटायचं, त्यातलं थोडं चंबूत घालायचं, वर ठरलेल्या पीएचचं बफर, म्हणजे पीएच हलू न देणारं द्रावण. बुचातल्या सिरिंजमधून पाच मिली हायड्रोजन पेरॉक्साइड सोडलं, की काळजातलं कॅटालेज नावाचं एन्झाइम त्याची फोड करून पाणी आणि ऑक्सिजन करतं. चंबूत फेस उसळतो, वायू नळीतून पाण्यात पालथ्या घातलेल्या मोजपात्रात चढतो. एका मिनिटात किती चढला ते मोजायचं. सातच्या आसपास सर्वांत जास्त, आणि चार किंवा नऊकडे गेलं की एन्झाइम रुसतं.

नेमका आदल्या दिवशी प्रयोगशाळेचा फ्रिज बंद पडला. बफरताईनं काळजाचा डबा घरी नेला आणि स्वतःच्या फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्यामागे ठेवला. सकाळी बफरं जुळवायची म्हणून ती लवकर निघाली आणि नवऱ्याला बजावलं, “तो डबा नवाच्या आत आणून द्या. रस्त्यात कुणाशी गप्पा नकोत.”

नवरा गप्पा मारत का होईना, नऊला पाच कमी असताना आला. डबा नव्या मॅडमच्या हातात पडला. मॅडमना नोकरीत सात महिने झाले होते आणि त्यांना मिक्सरची भारी हौस. झाकण उघडून त्यांनी सगळं भांड्यात ओतलं आणि घर्रर्र. बफरताई बफरांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवून आली तेव्हा लगदा तयार होता.

“मॅडम, रंग जरा मातकट नाही वाटत?”

“फ्रिजमधलं आहे ना. परीक्षक आलेत, चला.”

बाहेरचे परीक्षक म्हणजे एक सावकाश चालणारे, चष्मा कपाळावर ठेवून तो खिशात शोधणारे गृहस्थ. वीस मुलं आपापल्या टेबलाशी उभी राहिली. घड्याळ लावलं. सिरिंजा दाबल्या. प्रयोगशाळेत एवढी शांतता पसरली की नळाचं ठिबकणं ऐकू यावं. बफरताईनं चमकून मान वर केली. हा प्रयोग शांत असूच शकत नाही! फेस उतू जातो, मुलं ओरडतात, कुणाचं तरी बूच उडतं. आज चंबूंत एखाददुसरा बुडबुडा, तोही आल्यासारखं करून जाणारा.

तासाभरानं कागद जमा झाले. परीक्षक एकेक चाळू लागले आणि मॅडमचा चेहरा फुलत गेला. चारला सहा मिली, पाचला एकोणीस, सहाला एकतीस, सातला अडतीस, नऊला चौदा. आलेख तर असे घोटीव, की डोंगर काढायच्या स्पर्धेत पहिले यावेत. एकोणीस कागद, एकोणीस डोंगर. मागच्या वर्षीच्या मुलांच्या वह्या झेरॉक्सवाल्याकडे अजून मिळत होत्या, हे बफरताईला ठाऊक होतं.

विसाव्या कागदाशी परीक्षक थबकले. तो शेवटच्या टेबलावरच्या मुलीचा होता. हिला वर्गात ‘शंकासूर’ म्हणत. कागदावर लिहिलं होतं: पाच, पाच, पाच, पाच, पाच. आणि पुढच्या रकान्यात: शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य.

“हे काय लिहिलंस?” मॅडम कडाडल्या. “वर्षभर झोपा काढल्यास का?”

मुलीनं मोजपात्राकडे बोट दाखवलं. “मॅडम, मोजपात्रात पाच मिली आली, पण तेवढी हवा सिरिंजमधल्या पेरॉक्साइडनं ढकललेली असते. ती वजा करायची, असं बफरताईंनी सांगितलं होतं. वजा केली तर काहीच उरलं नाही.”

परीक्षकांनी कपाळावरचा चष्मा अखेर डोळ्यांवर आणला. “आणि बाकीच्या एकोणिसांना अडतीस आली. एकाच लगद्यातून.”

मॅडम म्हणाल्या, “सर, तिचं बूच सैल असेल.”

“सैल असतं तर पाच तरी कुठून चढली असती?”

मॅडम मुलीकडे अशा बघत होत्या, की आता हिचं काही खरं नाही. बफरताईला वाटलं, आपण गप्प बसलो तर कुणाला कळणार नाही. एकोणीस डोंगर आहेत, एक सपाट मैदान आहे, लोक डोंगरावरच विश्वास ठेवतात. पण तिनं पदराला हात पुसले आणि पुढे झाली.

“सर, पोरगी खरं लिहितेय. लगदाच मेलेला आहे. मला दोन मिनिटं द्या.”

तिनं तिथूनच घरी सासूबाईंना फोन लावला आणि गडबडीत स्पीकर चालू राहिला.

“आई, फ्रिजमधल्या डब्याला हात लावला होतात का?”

“लावला म्हणजे? कच्चं काळीज दुधाला खेटून ठेवतेस? सकाळी तू गेल्यावर चांगल्या तीन उकळ्या काढल्या. आणि मीठ नव्हतं घातलंस, तेही घातलं!”

प्रयोगशाळेत आधी कुणीतरी खोकल्याचं सोंग केलं, मग सगळं धरणच फुटलं. परीक्षक इतके हसले, की चष्मा टेबलावर पडला. उकळलं की एन्झाइमची घडी विस्कटते, मग कुठल्याही पीएचला ते काम करत नाही, हे पुस्तकात असतंच. पण मिठासकट कुणी करून दाखवलेलं नव्हतं.

“आता दुसरं काळीज आणायचं कुठून?” मॅडमनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम सात महिन्यांच्या नोकरीएवढा झाला होता.

“बटाटे आहेत कॅन्टीनमध्ये,” बफरताई म्हणाली. “कॅटालेज त्यातही असतं, कमी असतं इतकंच. एकसारख्या चकत्या कापायच्या, आधी पाच मिनिटं बफरात ठेवायच्या आणि एकाऐवजी तीन मिनिटं मोजायचं.”

परीक्षकांनी मान डोलावली. बफरताईनं बुचाला भोक पाडायच्या नळीनं बटाट्यांचे दंडगोल काढले आणि पट्टी लावून चकत्या केल्या. मुलं पुन्हा वाकून उभी राहिली. या वेळी कुणाकडे जुनी वही नव्हती, बटाट्याचे आकडे झेरॉक्सवाल्याकडेही नव्हते. बुडबुडे आले, हळूहळू, पण आले. “अरे, माझं चढतंय!” एक मुलगा ओरडला, जणू मोजपात्रातून तोच वर चढत होता. पेरॉक्साइडचे पाच वजा करून चारला दीड, पाचला साडेतीन, सहाला सात, सातला नऊ, नऊला चार. कुणाचं सातला आठ, एकाचं सहालाच जास्त. आलेख सगळे वेडेवाकडे, एकही डोंगर दुसऱ्यासारखा नाही.

परीक्षकांनी पहिले एकोणीस कागद उभे फाडले आणि नवे तपासले. मुलीचे मात्र दोन्ही कागद ठेवून घेतले आणि पहिल्यावर पूर्ण गुण दिले. मॅडम तिच्याजवळ जाऊन काहीतरी पुटपुटल्या. माफीच असावी, कारण मुलगी लाजली.

जाताना परीक्षक बफरताईपाशी थांबले. “बाई, तुम्ही बोलला नसता तरी चाललं असतं.”

“चाललं असतं हो,” ती म्हणाली, “पण सव्वीस वर्षं माझ्या बाटलीत चारला चारच निघालेत.” आणि तिनं चंबू विसळायला घेतले. मिठाचा लगदा बुडाला चिकटला होता, दोनदा घासावा लागला.