स्वतःचा हप्ता

समाधान बोलायला लागला की समोरच्याला आपण उद्याच श्रीमंत होणार असं वाटायचं, आणि त्याच्या धंद्यात नेमकी हीच अडचण होती. परभणीकडून येऊन त्याने महाळुंग्याच्या एका कंपनीत बरीच वर्षं प्रेस मशीन चालवलं. मग नोकरी सोडली, परीक्षा दिली आणि चिंचवडला म्युच्युअल फंडाचा वितरक म्हणून पाटी लावली. फंड विकायचा, पण परताव्याचं वचन द्यायचं नाही, हा त्या धंद्याचा नियम. पेढे विकायचे, पण गोड आहेत म्हणायचं नाही, असलाच हा प्रकार, असं समाधानचं मत होतं.

आता त्याच जुन्या कंपनीने पगाराच्या दिवशी कॅन्टीनमध्ये टेबल मांडायची परवानगी दिली होती. दर महिन्याला ठरावीक रक्कम गुंतवायची योजना, म्हणजे एसआयपी, तिथे खपवायची. हे शिबिर फसलं तर पुन्हा शिफ्टला जायची तयारी ठेवा, असं त्याच्या बायकोने, वर्षालीने, जेवताना शांतपणे सांगून टाकलं होतं.

फलकावर फंड कंपनीचं नाव जाणार, म्हणून मजकूर आधी त्यांच्या मुंबईच्या ऑफिसातल्या निरंजनने पास करायचा. समाधानने झोकात पाठवलं, ‘आजची बचत, उद्याचा बंगला’. निरंजनचा फोन आला, “बंगला कशाच्या आधारावर?” बंगल्याचा फ्लॅट केला, तोही गेला. ‘मुलीचं शिक्षण पक्कं’ यातल्या ‘पक्कं’वर फुली बसली. शेवटी समाधानने हात टेकून लिहिलं, ‘शांत झोप घ्या’.

“झोप लागेलच असं आपण सांगू शकत नाही,” निरंजन गंभीरपणे म्हणाला. “बाजार पडला की मलाच लागत नाही.”

मग निरंजनने स्वतःच एक घोषवाक्य सुचवलं, ‘आपल्या उद्दिष्टांनुसार नियमित गुंतवणुकीचा विचार करावा’. त्यात काहीच चूक नव्हती. पण ते वाचून कोणी खिशात हात घातला असता तर फक्त रुमाल काढायला.

समाधान वैतागून खिडकीशी उभा राहिला. खाली सोसायटीत कामगारांच्या नव्याकोऱ्या गाड्या उभ्या होत्या, सगळ्या कर्जावर. पगार झाला की गाडीचा हप्ता, फ्लॅटचा हप्ता, मोबाईलचा हप्ता. एकही चुकायचा नाही. त्याने तिथल्या तिथे मोबाईलवर टाइप केलं, ‘सगळ्यांचे हप्ते भरता, एक स्वतःचाही भरा’.

निरंजनला त्यात वचन सापडेना. त्याने दोनदा शोधलं. मग वितरकाचा नोंदणी क्रमांक आणि बाजारातल्या जोखमीचा इशारा ठळक घालायला सांगून त्याने मजकूर पास केला. समाधानला आपल्या डोक्याचं इतकं कौतुक वाटलं की त्याने वर्षालीला तो तीनदा वाचून दाखवला. ती म्हणाली, “छान आहे. तुमचा कुठाय?”

त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नोकरी सोडल्यावर त्याच्या स्वतःच्या एसआयपीचे तीन हप्ते लागोपाठ बँकेतून परत गेले होते आणि ती आपोआप बंद पडली होती. नवी सुरू करायची घाईही नव्हती, कारण स्वतःच्या गुंतवणुकीवर वितरकाला कमिशन मिळत नाही.

पगाराच्या दिवशी फलकाने कमाल केली. माणसं ताट घेऊन थांबायची, वाचायची, हसायची आणि रांगेत उभी राहायची. सगळ्यांत पुढे सोनबा, महाळुंग्याचाच, एकेकाळचा त्याच मशीनवरचा जोडीदार.

“लिवलंय झकास, भावा,” सोनबा म्हणाला. “आमी तर समद्यांचं भरतोय. तुझा हप्ता केवढ्याचा हाय? दाखव की मोबाईलवर.”

रांग ऐकायला पुढे सरकली. समाधानच्या जिभेवर एक आकडा आला, चांगला गुबगुबीत आकडा. पण या माणसासोबत त्याने एका डब्यातली भाकरी खाल्ली होती. त्याला फार लाज वाटली.

“बंद पडलाय,” तो म्हणाला.

कॅन्टीनभर हशा पिकला. दोघंतिघं रांग सोडून चहाकडे वळले. सोनबा मात्र हसला नाही. त्याने कोरा फॉर्म उचलून समाधानपुढे सरकवला. “मंग म्होरं तू. आमी मागनं.”

समाधानने खुर्ची सोडली, टेबलाला वळसा घातला आणि सोनबाच्या पुढे उभं राहून फॉर्म भरला. पाचशे रुपयांचा. शिबिराचा पहिला ग्राहक, आणि कमिशन शून्य.

“आता सांग,” सोनबा म्हणाला, “धा वर्सांत किती व्हतील?”

एरवी या प्रश्नावर समाधानचं तोंड आपसूक सुटायचं. आज त्याने स्वतःच्या सहीकडे पाहिलं.

“मला न्हाई माहीत, सोनबा. खरंच. कमी बी होऊ शकतात.”

सोनबाने क्षणभर त्याच्याकडे निरखून पाहिलं.

“बरं,” तो म्हणाला, “दे तो पेन.”