दहावं वर्ष

मोबाईलवर बँकेचे दोन मेसेज आले तेव्हा मी साताऱ्याच्या नव्या ऑफिसात दुसऱ्याच कुणाच्या तरी खुर्चीवर बसून हजेरीचं नवं सॉफ्टवेअर शिकत होते. पहिला मेसेज एकवीस हजार तीनशे एक रुपयांचा. दुसरा एक लाख आठ हजारांचा. सांगलीची कंपनी सोडून साडेतीन आठवडे झाले होते, आणि त्यातला एक दिवस असा गेला नव्हता की मी खात्यावर पैसे आलेत का ते पाहिलं नाही. आता आले होते, तर मला बसवेना. शिकवणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, इथं क्लिक करा," आणि मी भलतीकडंच क्लिक केलं.

पहिल्या आकड्याशी माझं काही भांडण नव्हतं. शेवटच्या सहा दिवसांचा पगार पीएफ वजा जाऊन चार हजार नऊशे एक. चौतीस दिवसांची शिल्लक रजा, दिवसाला आठशेप्रमाणे सत्तावीस हजार दोनशे. नोटीस महिन्याची होती, मी अठराच दिवस भरले, म्हणून बारा दिवसांचे दहा हजार आठशे कापले. बेरीज-वजाबाकी रुपयाला रुपया जुळत होती. जुळणारच. हा कागद सांगलीत साडेनऊ वर्षं मीच तर करत होते. राजीनामा दिलेल्या माणसाचा शेवटचा हिशेब, ज्याला सगळे 'फुल अँड फायनल' म्हणतात, तो कामगारांची हजेरी आणि हिशेब बघणाऱ्या टाइम ऑफिसच्या खिडकीमागे बसून मी कितीजणांचा केला असेल, त्याची मोजदाद नाही.

भांडण होतं ते दुसऱ्या आकड्याशी. माझं बेसिक आणि महागाई भत्ता मिळून वीस हजार आठशे. त्याला सव्वीसनं भागायचं, पंधरानं गुणायचं, की एका वर्षाची ग्रॅच्युइटी निघते: बारा हजार. नोकरी पाच वर्षांच्या वर झाली की तेवढे पैसे दर वर्षामागे. आणि शेवटचं वर्ष अर्धवट असलं, तरी सहा महिन्यांच्या वर गेलं की पूर्ण धरायचं. माझे साडेनऊ झाले होते. म्हणजे दहा. म्हणजे एक लाख वीस हजार. आले होते एक लाख आठ. कुणीतरी माझं एक वर्ष खाल्लं होतं.

ते बारा हजार कुठं जाणार हे ठरलेलं होतं. लेकीच्या अकरावी सायन्सच्या क्लासचा दुसरा हप्ता बारा हजारांचाच होता, आणि क्लासवाल्या सरांना मी छातीठोकपणे तारीख दिली होती. पण खरं सांगायचं तर पैशापेक्षा मला ते दहावं वर्षच हवं होतं. आष्ट्यातल्या आमच्या आळीत, नवऱ्याच्या मित्रांत, नव्या कंपनीच्या इंटरव्ह्यूत, सगळीकडं मी "दहा वर्षं केली" असंच सांगत आले होते. ते कागदावर नऊ व्हावं, हे मला सहन होईना.

संशय कुणावर घ्यायचा याला मला मिनिटही लागलं नाही. माझ्या जागेवर आता कुंडलची मुलगी बसत होती. तीन वर्षांपूर्वी आली तेव्हा तिला ओव्हरटाइमचा तक्ताही वाचता येत नव्हता. मी हाताला धरून शिकवलं होतं. तिला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. नाही. मनात म्हटलं, लपतेय. महिन्याची हजेरी बंद करायचे दिवस आहेत आणि त्या दिवसांत मीसुद्धा कुणाचा फोन घेत नव्हते, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

घरी नवऱ्याला सांगितलं. त्यानं शांतपणे विचारलं, "तुझंच काही चुकलं नसेल ना?" त्यावर मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्या संध्याकाळी भात लागला, वरण उतू गेलं, आणि लेक पुस्तक घेऊन शेजारणीकडं अभ्यासाला निघून गेली.

सकाळी डोकं दुखतंय असं ऑफिसला कळवून मी साताऱ्याच्या स्टँडवरून सांगलीची गाडी धरली. खिडकीची जागा मिळूनही बाहेर काय होतं ते मला आठवत नाही. मी वाक्यं जुळवत होते. 'तुला मी हेच शिकवलं का?' हे एक. 'वरपर्यंत जाईन' हे दुसरं. कराड येईपर्यंत ग्रॅच्युइटीच्या अर्जाची, लेबर ऑफिसची, सगळ्याची उजळणी झाली होती. कासेगावच्या पुढं गाडी थांबून राहिली तर मी कंडक्टरवरही खेकसले.

सांगलीत टाइम ऑफिसच्या खिडकीमागं ती कुंडलची मुलगी होती. मला बघून उठून उभी राहिली. "आवं ताई! या की. काल फोन घेता आला न्हाई, हजेरी लॉक करायची व्हती. आत या, च्या सांगते."

"चहा नको. माझा कागद काढ."

तिनं फाइल काढली. जणू ती वरच ठेवली होती. हिशेबाचा कागद माझ्यापुढं सरकवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. सेवा: नऊ वर्षं, पाच महिने, सत्तावीस दिवस.

"हे चूक आहे," मी म्हणाले. "मी महाशिवरात्रीनंतर चौथ्या दिवशी जॉईन झाले. माझा उपास होता, चांगलं आठवतंय. यंदाच्या महाशिवरात्रीपासून मोज. सहा महिने होऊन वर पाच दिवस जातात."

तिनं फाइलचं पार शेवटचं पान काढलं. माझं नेमणुकीचं पत्र. तारीख अकरा मार्च. तिनं मोबाईलवर त्या वर्षीचं कॅलेंडर काढून दाखवलं. त्या साली महाशिवरात्र सात मार्चला होती. यंदा ती फेब्रुवारीतच येऊन गेली.

आमच्याकडं लग्नं, बारशी, म्हशीचं वेत, सगळं तिथीनं आठवतं. माझी नोकरीही मी तशीच लक्षात ठेवली होती. येणाऱ्या प्रत्येक कामगाराला "पत्रावरची तारीख सांगा, सण सांगू नका" असं दटावणारी मी, स्वतःचं पत्र साडेनऊ वर्षांत एकदाही काढून बघितलं नव्हतं.

अकरा मार्चपासून सहा महिने दहा सप्टेंबरला भरतात. वर जायला अकरा उजाडायला हवा. माझा शेवटचा दिवस सहा सप्टेंबर. पाच दिवस कमी पडले होते. नोटीस पूर्ण भरली असती तर प्रश्नच नव्हता. पण सासूबाई म्हणाल्या होत्या, "पितरांच्या पंधरवड्यात नवी चूल मांडायची न्हाई, जायचं तर आदी जा." पितृपक्ष सात तारखेनंतर लागत होता. आता सगळं त्यांच्यावर ढकलणं सोपं होतं. पण नव्या कंपनीनं मला घाई केली नव्हती, आणि सासूबाईंचं बाकी काही मी इतक्या निमूटपणे ऐकत नाही. मलाच निघायची घाई झाली होती. दोन वर्षं नवरा साताऱ्यात आणि मी आष्टा-सांगली एसटीत. बारा दिवसांचे पैसे कापले जाणार हे मला माहीत होतं, आणि ते मी हसत सोडले होते.

राग जागेवर होता, फक्त त्याला आता कुणी मिळेना. मग तिच्यावरच काढला. "तू माझा राजीनामा घेतलास. निघायची तारीख तूच कॉम्प्युटरवर घातलीस. तुला दिसलं असणार की पाच दिवस कमी पडतायत."

"दिसलं व्हतं."

"मग बोलली का नाहीस?"

ती खाली बघायला लागली. "तुमास्नी मी काय सांगनार, ताई? मला वाटलं, तुमी मोजूनच तारीख टाकली आसल. आनि तुमीच तर म्हनला व्हता. राजीनामा घ्यायचा, शिक्का मारायचा. इचारलं तरच सांगायचं. आपुन कंपनीची मानसं."

म्हणाले होते. तिच्या पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, आणि अगदी शहाणपणानं म्हणाले होते.

तेवढ्यात खिडकीशी एक कामगार आला, पन्नाशीचा, मशीन शॉपमधला. हातात राजीनाम्याचा कागद. तिनं तो घेतला, पण शिक्का उचलला नाही. "काका, बसा जरा," म्हणाली, आणि त्यांची फाइल काढून बोटावर मोजायला लागली. मग म्हणाली, "तारीख बदला. अजून अकरा दिवस थांबा. एक वरीस जास्त मिळंल तुमाला."

तो कागद घेऊन गेला तसं ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुमचा हिशेब काढला त्या दिवशी मला जेवान गेलं न्हाई. तवापास्नं मी आदी मोजते. सायबांला सांगितलं. ते न्हाई म्हनले न्हाईत."

म्हणजे साहेब नाही म्हणालेच नसते. साडेनऊ वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं. विचारायला हवं, असं वाटलंही नव्हतं. माझं टेबल स्वच्छ, माझे आकडे बरोबर, माझ्या कागदावर ऑडिटरनं कधी लाल रेघ मारली नाही, याच्या मस्तीत मी होते. आज स्वतःचं एक वर्ष गेलं तर कराडपर्यंत लेबर ऑफिस पाठ झालं होतं.

तिनं चहा मागवला. मी घेतला. "क्लासच्या फीचं काय करनार?" तिनं विचारलं. म्हटलं, रजेच्या पैशातून भरीन. तेवढं होतं. बारा हजारांवाचून आमचं काही अडणार नव्हतं. पण ज्यांचं अडलं असेल, त्यांचं काय?

परतीच्या गाडीत मला एकच माणूस आठवत राहिला. कडेगावकडचा फर्नेसवरचा माणूस. वडील पडून होते म्हणून नोकरी सोडून गावी निघाला होता. त्याचा राजीनामा हातात घेतला तेव्हाच मला दिसलं होतं की नऊ दिवस थांबला तर त्याचं एक वर्ष वाढतं. त्यानं विचारलं नाही. मी शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हाक दिली. पुढं त्याचा हिशेब मी चार दिवसांत काढून दिला, तर एवढ्या लवकर पैसे मिळाले म्हणून तो मुद्दाम गाडीभाडं खर्चून परत आला आणि पिशवीभर भुईमुगाच्या ओल्या शेंगा खिडकीतून आत ठेवल्या. "बाई, लय उपकार झालं तुमचं," म्हणाला. त्या शेंगा आम्ही घरी उकडून खाल्ल्या.