मालकाला जपून लिहिलेला मेसेज

रागावलेल्या साहेबांच्या मेलमधून राग काढायचा आणि मागणी तेवढी ठेवायची, याचाच मला कारखान्याच्या ऑफिसात पगार मिळतो. डोकमर्डीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये हे सगळ्यांना माहीत, म्हणून शेजारचा भाऊ मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. हा धुळ्याकडचा, इथे सायली गावातल्या कारखान्यात मशिनवर. वरच्या बाथरूमचं पाणी त्याच्या भिंतीतून थेट स्विचबोर्डात झिरपत होतं. बायकोला शॉक बसला होता आणि तिला सातवा महिना होता.

गुजराती घरमालकासाठी त्याने हिंदीत मेसेज लिहिला होता. सुरुवात ‘तुम आदमी हो या कसाई’ अशी, आणि पुढे मालकाच्या सगळ्या खानदानाचा उद्धार. मालक माझाही तोच, त्यामुळे वाचून मला बरंच वाटलं.

तरी म्हटलं, “भाऊ, हे पाठवलंस तर तो शिव्याच धरून बसेल. भिंत राहील बाजूला.”

“गोड बोलून बोलून पावसाळा गेला ताई. मी काय भीक मागू राहिलो का?”

“भीक नाही. करारात लिहिलंय ते मागायचं.”

कसाई खोडला, खानदान खोडलं. याआधी कधी कधी सांगितलं त्या तारखा घातल्या, ओल्या बोर्डाचा फोटो जोडला. गळती आणि वायरिंगचं काम करारानुसार मालकाकडे आहे, घरात गरोदर बाई आहे, रविवारपर्यंत काम सुरू व्हावं ही विनंती. नाहीतर आम्ही वायरमन बोलावू आणि त्याचं बिल भाड्यातून वळतं करू. शेवटी आभार. ते आभार टाइप करताना त्याचे दात आवळलेले मला दिसत होते.

रविवारच्या आत प्लंबर आला, वायरमन आला. भिंत कोरडी झाली. त्याच्या बायकोने मला शेवभाजी आणून दिली, मीही जरा फुशारले.

पुढच्या महिन्यात मालक भाडं घ्यायला आला, तो माझ्या दारात थांबला. “बेन, वो मेसेज आपने लिखा था ना? बहुत अच्छा लिखती हो. उनका ग्यारह महीना पूरा हो रहा है. खाली करने का भी ऐसा ही लिख दो, मीठा-मीठा. नहीं तो कल सब लिखने लगेंगे.”

माझ्या अंगाची आग झाली. “मी नाही लिहिणार,” म्हणाले. त्याला काही राग आला नाही. तिथेच उभ्या उभ्या त्याने अंगठ्याने टाइप केलं: ‘महीने के आखिर में रूम खाली करना.’ कारण नाही, आभार नाहीत. त्याला कशाला लागतात?

संध्याकाळी भाऊ आला. बायकोला आठवा लागलेला, खोली कुठे शोधायची त्याला सुचत नव्हतं. मी करार वाढवून मागणारा मेसेज लिहिते म्हटलं, तर त्याने मान हलवली.

“राहू द्या ताई. खोली तर तशीही गेली असती. माझाच मेसेज पाठवला असता, तर निदान बोललो तरी असतो.”