बादलीतला गणपती विरघळेना

केराबाईचा हात चालायला लागला की बघणारा बोलायचं थांबतो. ब्रशाचं टोक डोळ्याच्या कोपऱ्याला टेकतं, एका दमात वरून फिरून दुसऱ्या कोपऱ्याला येतं, आणि तोवर नुसता रंगाचा गोळा वाटणारा गणपती एकदम आपल्याकडं बघायला लागतो. गेली सतरा वर्षं सोलापुरात ती गणपतीचंच काम करते आहे. माहेर सांगोल्याकडचं, मेंढरं राखणाऱ्या घरातलं. लग्न होऊन इथं आली तेव्हा ब्रश म्हणजे काय ते भिंत सारवायच्या कुंच्यापलीकडं तिला ठाऊक नव्हतं.

नवऱ्याचं नाव श्रीमंत, तो रिक्षा चालवायचा. त्याच्याच ओळखीनं ती गुरप्पाअण्णांच्या मूर्तीच्या कारखान्यात लागली. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड, आत पांढऱ्या भुकटीच्या गोण्या आणि भिंतीला टेकवलेले रबरी साचे. प्लास्टरची भुकटी पाण्यात कालवायची, साच्यात ओतायची, मजबुतीला काथ्या लावायचा. वीसेक मिनिटांत ते घट्ट होतं, हाताला गरम लागतं. साचा सोलला की गणपती तयार! पोकळ, हलका, गुळगुळीत. पहिल्या दिवशी केराबाई म्हणाली होती, "अण्णा, माज्या भाकरीला बी एवढा टाइम लागतो की!"

आधी तिनं मूर्ती घासल्या, मग पीतांबर रंगवले, आणि पाचव्या वर्षी अण्णांनी डोळे तिच्याकडं सोपवले. ती तिथं खूश होती. मातीचं खूळ डोक्यात शिरलं ते एका पिंपामुळं.

शेडच्या मागं पागोळ्यांचं पाणी धरायला एक पिंप ठेवलेलं होतं. उन्हाळ्यात ते घासायला काढलं, तर तळाशी एक गणपती निघाला. आदल्या वर्षी कुणाच्या तरी हातून पडलेला असणार. रंगाचे पापुद्रे निघाले होते, पण सोंड जागेवर, मोदक जागेवर, पायाशी उंदीरसुद्धा शाबूत. पहिल्यांदा केराबाईला हसू आलं. मग तिनं मूर्ती पदरानं पुसली आणि तिचं हसू गेलं. "अण्णा, ह्यो देव वरीसभर पाण्यात हाय. गेलाच न्हाय की."

गुरप्पाअण्णा खुर्चीतून उठलेही नाहीत. "जाईल कसा? प्लास्टर पाणी पिऊन एकदा दगड झालं की झालं. परत भुकटी होत नाही ते. माझे वडील शाडूचे करायचे, ते जायचे."

"मग आपण का न्हाय करत?"

"करून बघ, मग विचार."

तिनं करून बघितलं. अण्णांनीच कुठून तरी शाडूच्या दोन गोण्या मागवून दिल्या. नळाला पाणी चार-चार दिवसांनी येणाऱ्या घरात केराबाईनं पाणी साठवून माती भिजवली, कागदाचा लगदा घालून पुरणासारखी मऊ मळली आणि साच्यात दाबली. हाताला सवय प्लास्टरची. वीस मिनिटं झाली की हिनं साचा सोलला. गणपतीची सोंड हळूहळू पोटावर आली, मग मांडीवर. दुसरी मूर्ती तिनं दोन तासांनी काढली, ती नीट निघाली, पण लवकर वाळावी म्हणून गच्चीवर उन्हात ठेवली. सोलापूरचं ऊन ते! संध्याकाळपर्यंत पोटाला बोट जाईल एवढी भेग.

अण्णा बघायला आले आणि पोट धरून हसले. "अगं, प्लास्टर आपलं आपण धरतं. माती धरत नाही, ती नुसती वाळते. तिला घाई केलीस की फुटणार. सावलीत ठेव, वरनं ओलं फडकं टाक, आणि पंधरा दिवस विसरून जा."

केराबाईला विसरणं जमत नव्हतं. ती दर तासाला फडकं उचलून बघायची. पण हळूहळू माती तिला कळायला लागली. प्लास्टरमध्ये साचा देईल तोच चेहरा मिळायचा. मातीत साच्यातून काढल्यावरही ओल होती तोवर सोंडेला थोडं वळण देता यायचं, कान पातळ करता यायचा, बोटं एकेक वेगळी काढता यायची. दोन मूर्ती कधी सारख्या होईनात. चुकलेली मूर्ती फेकायची नाही, पुन्हा भिजवायची. हे तिला फार आवडलं.

श्रावण संपता संपता तिच्याकडं वीतभर उंचीच्या बत्तीस मूर्ती वाळून तयार होत्या. आता रंग. कारखान्यात वापरायचे तेच ऑइलपेंट तिनं आणले, वरून चकाकीसाठी वार्निशचा हात दिला. घरातल्या पाटाला माती लागू नये म्हणून बूडसुद्धा झाकून रंगवलं. मूर्ती अशा झळाळल्या की श्रीमंत म्हणाला, "ही मातीची हाय हे सांगावं लागंल."

होटगी रोडच्या एका सोसायटीत उत्कर्षाबाई म्हणून शाळेतल्या शिक्षिका राहायच्या. त्यांनी स्वतः मूर्ती घेतलीच, शिवाय शेजारपाजारच्या दहा घरांना घ्यायला लावली. पहिल्याच वर्षी बत्तीसातल्या अकरा मूर्ती गेल्या, केराबाईला आकाश ठेंगणं झालं.

दीड दिवस झाला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "केराबाई, मूर्ती काल दुपारी बादलीत ठेवली. अजून तशीच आहे. हे मातीचंच आहे ना हो?"

केराबाईच्या हातातला चहा तसाच राहिला. श्रीमंतच्या रिक्षात बसून ती सोसायटीत पोचली, तेव्हा पार्किंगमध्ये सात-आठ माणसं जमली होती. मध्ये दोन बादल्या. एकीत तिचा गणपती, तोंडावर तीच चकाकी, डोळे पाण्यातून वर बघताहेत. दुसरीत तळमजल्यावरच्या बिभीषणकाकांचा. काका करमाळ्याहून नोकरीला येऊन इथंच स्थायिक झालेले, बोलायला सडेतोड. "हा माझा, बाजारातला, प्लास्टरचा. आणि हा तुमचा. फरक दाखवा. नाही तर सरळ सांगा की सगळे सारखेच."

उत्कर्षाबाई खाली बघत उभ्या होत्या, आणि केराबाईला काकांच्या आवाजापेक्षा तेच जास्त लागलं.

तिनं बादलीपुढं बसकण मारली. हात पाण्यात घातला. मूर्ती जड होती, म्हणजे माती होती. तिनं स्वतःच्या हातानं मळलेली. मग पाणी आत का जाईना? बोट फिरवता फिरवता ते उंदराच्या शेपटीपाशी अडलं. तिथं रंगाचा टवका उडाला होता, आणि त्या दाण्याएवढ्या जागेत माती लोण्यासारखी मऊ झाली होती. बोट सहज आत गेलं.

"बाई, एक चमचा द्या," ती म्हणाली. "उत्तरपूजा झाली न्हवं? मग आता माती हाय, मला हात लावू द्या."

तिनं मूर्ती पाटावर काढली, नमस्कार केला आणि चमच्यानं पाठीवरचा रंग खरवडायला सुरुवात केली. प्लास्टिकच्या पिशवीसारख्या रंगाच्या साली निघाल्या. बूड खरवडलं, पाठ खरवडली, चेहऱ्याला मात्र चमचा लावला नाही. मूर्ती पुन्हा पाण्यात ठेवली. लगेच बुडबुडे यायला लागले. कोरडी माती पाणी पीत होती. पाच मिनिटांत पाठीचा पहिला थर सुटून ढगासारखा खाली बसला. चहा येऊन पिऊन होईपर्यंत गणपती एका बाजूला कलला होता. जेवायच्या वेळेपर्यंत बादलीत करडा गाळ होता आणि वर रंगाचा चेहरा एखाद्या मुखवट्यासारखा तरंगत होता.

तोवर काकांनीही हौसेनं आपल्या मूर्तीची पाठ खरवडली होती. रंग गेला, खाली पांढरंफेक प्लास्टर तसंच. काकांनी ते बोटानं दाबलं, नखानं ओरबाडलं, आणि शेवटी म्हणाले, "आहे बुवा फरक."

"माती खरी हाय, काका," केराबाई म्हणाली. "चूक माज्या रंगाची. त्येलाच्या रंगानं मी देवाला रेनकोट घातला की वो!"

पार्किंगमध्ये हशा पिकला. उत्कर्षाबाईही हसल्या. त्यांनी बादली उचलून कुंड्यांकडं नेली, तशी केराबाईनं त्यांना अडवलं. "न्हाय बाई, ह्यात पेंटच्या साली हायत. झाडाला नगं. मी घेऊन जाते."

उरलेल्या दहा घरांत गणपती अजून बसलेले होते, कुणाचे पाच दिवसांचे, कुणाचे अनंत चतुर्दशीपर्यंतचे. केराबाईनं प्रत्येक दार वाजवून चूक सांगितली आणि विसर्जनाच्या दिवशी चमचा घेऊन हजर झाली. लोकांना मौज वाटली. "गणपतीची न्हावीण आली," असं पोरंबाळं ओरडायची. ती खरवडत बसायची आणि घरातली माणसं भोवती बसून तिला मातीचे प्रश्न विचारायची.

पुढच्या वर्षी तिनं वार्निशचा डबा घरात येऊ दिला नाही. खडूची पूड डिंकाच्या पाण्यात कालवून पांढरा हात, त्यावर गेरू, हळद आणि पाण्यात विरघळणारे पोस्टर कलर. चकाकी गेली. काही गिऱ्हाईकं नाक मुरडून परत गेली. "फिका वाटतो हो." केराबाई शांतपणे सांगायची, "फिका न्हाय, मऊ हाय." आणि डोळे असे आखायची की बाकीचं कुणी बघूच नये.

नेताना ती प्रत्येकाला बजावते. मूर्ती जड आहे, दोन्ही हात बुडाखाली घाला, हाताला धरून उचलाल तर हात तुमच्याकडं राहील. अंगावर पाणी ओतू नका, रंग उतरेल. दूर्वेनं शिंपडल्यासारखं करा, अभिषेक सुपारीवर. विसर्जनाला बादली पुरते, गाळ कुंडीत घाला नाही तर मला आणून द्या. निम्मी घरं पिशवीत बांधून गाळ परत आणतात. ती तो चाळून पुन्हा मळते. आणि विक्रीआधी दरवर्षी एक मूर्ती स्वतः बुडवून बघते, विरघळली तरच बाकीच्या दाराबाहेर जातात.

गेल्या वर्षी एक मंडळ आलं. आठ फुटांचा शाडूचा गणपती पाहिजे म्हणाले. केराबाईनं साफ नकार दिला. "एवढा जड देव ट्रॅक्टरवर नाचवाल, कुटंतरी खड्ड्यात गाडी आपटंल अन् मूर्ती तडकंल. पूजेला वीतभर माझा न्या, त्येचं विसर्जन करा. मोठा देखावा तुमचा तुमी बघा, पण पाण्यात टाकू नका, जपून ठेवा." मंडळाच्या पोरांनी मान डोलावली. पटलं किती, देव जाणे. पण वीतभर मूर्ती मात्र घेऊन गेले.

गुरप्पाअण्णांचा कारखाना अजून चालतो. मोठ्या मूर्तींचे डोळे आखायला ते केराबाईलाच बोलावतात, आणि तीही जाते. लोक विचारतात, मातीवाली बाई तिकडं कशी? ती म्हणते, "ज्यानं ब्रश हातात दिला, त्याच्याशी कसली अढी?" यंदा अण्णा स्वतः तिच्या दारात आले, रांगेतल्या मूर्तींवरची फडकी उचलून निरखत बसले, एकीचा कान हळूच चाचपला.

"हा आमच्या घरी," ते म्हणाले. "पण सोंड जरा डावीकडं वळवून दे."

केराबाईनं ओलं फडकं बाजूला केलं, मातीत अजून ओल आहे का ते अंगठ्यानं बघितलं. "वळंल की, अण्णा. बसा."