तारेवरच्या चिठ्ठ्या

भिंगारच्या बाजारात मामाचं चष्म्याचं दुकान होतं. नंबर तो स्वतःच काढायचा आणि त्याची चिठ्ठी भिंतीवरच्या तारेत खोचून ठेवायचा. कागद फेकायचा नाही, हा त्याचा नियम होता.

चौदाव्या वर्षी मला पहिला चष्मा लागला. त्यानंतर दर सहा महिन्यांनी काचा बदलाव्या लागत. दिव्यांना शेपट्या फुटत, फळ्यावरच्या अक्षरांना सावल्या पडत. डोळे खाजत, मी ते मुठीने चोळायचो. "लई वाचतो भाच्या," मामा म्हणे, आणि नवी काच बसवून देई.

शाळेत नेत्रतपासणी शिबिर झालं. डॉक्टरांनी माझ्या डोळ्यात प्रकाशाची पट्टी हलवली, पुन्हा हलवली आणि इंग्रजीत चिठ्ठी लिहिली. "घरी दाखव," एवढंच म्हणाले. घरात इंग्रजी कुणाला वाचता येत नव्हतं, आणि मला ते अक्षर लागेना. आई म्हणाली, "मामाला दे. त्याला कळतं." मामाने चिठ्ठी वाचली. "नंबर वाढलाय म्हणतोय. ते मला माहीतच हाय."

दोन वर्षांनी उजव्या डोळ्याला चष्मा लावूनही तक्त्यावरची सगळ्यात वरची मोठी ओळ दिसेना. आईने मला एसटीने पुण्याला नेलं. तिथल्या यंत्रात डोळ्यावर प्रकाशाची वर्तुळं पडली. बुबुळाच्या रंगीत नकाशात खालचा भाग लालभडक होता. दुसऱ्या यंत्राने जाडी मोजली. डॉक्टर म्हणाले, "बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन सुळक्यासारखा पुढे येतोय. किती वेगाने, ते पाहायचंय. जुने नंबर आणा."

मी दुकानात गेलो आणि तारेवरून माझ्या चिठ्ठ्या काढू लागलो. त्यांच्यात शिबिरातली चिठ्ठीही होती. आता ती मला वाचता आली: 'उजव्या डोळ्यातली सावली कात्रीसारखी हलते. सुळका असण्याची शंका. पुण्याला नकाशा काढावा. डोळे चोळू देऊ नयेत, त्याने सुळका वाढतो.'

"मामा, हे तुम्ही वाचलं होतं."

मामा काच पुसत राहिला. "माझ्याच भाच्याचा नंबर मला जमत न्हाई, असं बाजारात झालं असतं. आन् उपाय तरी कुठं हुता ह्याच्यावर?"

रोग थांबवणारा उपाय नव्हता, हे खरं होतं. पुण्याच्या डॉक्टरांनीही कडक लेन्स दिली आणि पुढे पडदा बदलावा लागेल असं सांगितलं. पण डोळे चोळणं थांबवण्यासाठी पुण्याला जायची गरज नव्हती.

पुढे मी वर्तमानपत्रात लागलो. काही वर्षांनी माझ्या टेबलावर बातमी आली: पडद्यात ब जीवनसत्त्वाचे थेंब मुरवून त्यावर अतिनील प्रकाश सोडतात, त्याने तंतूंमध्ये नवे बंध तयार होतात आणि पडदा ताठ होतो. गेलेली नजर परत आणणं हा मुख्य हेतू नाही. सुळका वाढू नये, हा आहे. वाढ लवकर ओळखली तर फायदा जास्त.

तोवर माझ्या उजव्या डोळ्यात एका मृत माणसाचा पडदा बसवला होता. मी बातमीचं शेवटचं वाक्य उचलून पहिलं केलं आणि ती छापायला सोडली. शिबिरातली चिठ्ठी माझ्याकडे आहे. तिला वर तारेचं भोक आहे.